‘एकदा भरा, 330 किलोमीटर फिरा’ : लाँचच्या स्लाईडवरचा आकडा उदगीरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईपर्यंत काय काय गळतं?

नवीन गाडी, नवीन मोबाईल किंवा नवीन ट्रॅक्टर बाजारात आला की एक गोष्ट हमखास होते. पाच वेगवेगळ्या वेबसाईट उघडल्या तरी पाचही ठिकाणी बातमीचा पहिला परिच्छेद जवळपास सारखाच असतो. तेच आकडे आणि तीच विशेषणं असतात, कधी कधी तर चूकही तीच असते. पत्रकार एकमेकांचं बघून लिहितात असं अनेकांना वाटतं. काही वेळा ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. सगळ्यांच्या हातात एकच कागद आलेला असतो. तो कागद म्हणजे कंपनीची प्रेस नोट, आणि ती प्रेस नोट स्टेजवर दाखवलेल्या सादरीकरणातून, म्हणजे लाँच डेकमधून, उतरवलेली असते.

डेकमधून प्रेस नोट कशी तयार होते आणि त्या प्रवासात वाचकाच्या कामाची कोणती माहिती गळून पडते, हे आपल्याच राज्यातल्या एका लाँचवरून समजून घेऊ. 5 जुलै 2024 ला बजाज ऑटोने पुण्यात ‘फ्रीडम 125’ ही सीएनजीवर चालणारी मोटारसायकल सादर केली. कार्यक्रमाला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हजर होते. त्या दिवशी ही बातमी सगळीकडे होती आणि ‘सीएनजीची बाईक आली, 330 किलोमीटर धावणार, खर्च निम्मा’ हा मेसेज मराठवाड्यातल्या ग्रुपवरही फिरला.

त्या मेसेजमध्ये खोटं काही नव्हतं. म्हणूनच हे उदाहरण घेतलं आहे. खोटी बातमी पकडणं त्या मानाने सोपं असतं. खरी पण अर्धी बातमी पकडणं अवघड जातं.

डेक आणि प्रेस नोट यांत फरक काय?

डेक हा बोलणाऱ्या माणसासाठी असतो. मोठ्या पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट दिसावी म्हणून एका स्लाईडवर एक आकडा आणि तीन-चार शब्द ठेवतात. बाकीचं स्टेजवरचा माणूस तोंडाने सांगतो. अटी असतील तर त्या खाली बारीक अक्षरात, चांदणीच्या खुणेपाशी असतात. सभागृहात पाचव्या रांगेत बसलेल्यालाही त्या वाचता येत नाहीत.

प्रेस नोट हा वाचणाऱ्यासाठी आणि त्याहून जास्त छापणाऱ्यासाठी असलेला कागद आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. वर मथळा, मग गाव आणि तारीख. पहिल्या परिच्छेदात कोणी, काय, कधी आणि कुठे सादर केलं ते येतं. त्यानंतर मुख्य वैशिष्ट्यं, किंमत आणि उपलब्धता, मग कंपनीतल्या मोठ्या माणसाचं एक वाक्य, आणि शेवटी कंपनीची ओळख आणि संपर्क. वर्तमानपत्रात जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो, त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर ठेवायचं असतं. अडचण अशी की अटी आणि मर्यादा नेहमी खाली असतात आणि कात्री आधी त्यांच्यावरच चालते.

लिहिणारा सहसा जनसंपर्क एजन्सीतला तरुण असतो. त्याच्याकडे पन्नास-साठ स्लाईडचा डेक येतो आणि त्यातून चार-पाच ‘मुख्य घोषणा’ निवडायला सांगतात. मसुदा मग तांत्रिक विभाग, कायदा विभाग आणि मार्केटिंग अशा तीन टेबलांवरून फिरतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर महत्त्वाच्या घोषणा बाजाराला कळवण्याचे सेबीचे नियमही असतात, म्हणून आकड्यांना तिथे धार लागते. मोठ्या माणसाच्या नावाने येणारं वाक्यसुद्धा बहुतेक वेळा हाच तरुण लिहितो आणि ‘साहेब’ त्याला मंजुरी देतात. सगळ्यात शेवटी इंग्रजी मसुदा मराठी अनुवादकाकडे जातो, तोही बऱ्याचदा कार्यक्रमाच्या आदल्या रात्री.

अनुवादाच्या या टप्प्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते मराठी वाचकाचं खरं नुकसान तिथेच होतं.

चार घोषणा, एकेक करून

बजाजचा अंतर्गत डेक आपल्यासमोर नाही आणि त्याची गरजही नाही. त्या दिवशी जाहीर झालेल्या गोष्टी सार्वजनिक आहेत. त्यातल्या चार घोषणा घेऊ आणि प्रेस नोटमध्ये त्या कशा लिहायला हव्यात ते पाहू.

पहिली घोषणा : ‘जगातली पहिली सीएनजी बाईक’. स्लाईडवर हे छान दिसतं. पण मसुदा लिहिणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायला हवा तो ‘पहिली कशात?’ हा. कारण 2016-17 च्या सुमारास दिल्लीत आणि नंतर मुंबईत बाजारातल्या स्कूटरना सीएनजी किट बसवण्याचे प्रयोग झाले होते. म्हणजे सीएनजीवर चालणारी दुचाकी भारतीय रस्त्यावर त्याआधीही आलेली होती. फ्रीडमचं वेगळेपण असं की ती मोटारसायकल आहे आणि कारखान्यातूनच सीएनजीची टाकी घेऊन बाहेर पडते. किट नंतर बसवलेलं नाही. सीटखाली टाकी बसावी म्हणून तिची चौकटच तशी बांधली आहे. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे आणि ‘पहिली’ या एका शब्दापेक्षा जास्त रंजक आहे. तरीही मथळ्यात ‘पहिली’च टिकते, कारण तो शब्द छोटा आहे.

दुसरी घोषणा : 330 किलोमीटर. या आकड्यापाशी जरा थांबू. गाडीत सीएनजीची 2 किलोची टाकी आहे आणि पेट्रोलची 2 लिटरची. कंपनीच्या सांगण्यानुसार सीएनजीवर साधारण 200 किलोमीटर आणि पेट्रोलवर साधारण 130 किलोमीटर जाता येतं. 330 ही या दोन्हींची बेरीज आहे. इंग्रजीत या आकड्यासोबत ‘कम्बाईन्ड’ असा शब्द लागतो. मराठीत येताना तो गळतो आणि वाक्य होतं : ‘सीएनजीवर धावणारी ही बाईक एकदा भरल्यावर 330 किलोमीटर धावते.’ वाचणारा समजतो की सीएनजीवरच 330. फरक 130 किलोमीटरचा आहे, आणि त्या 130 किलोमीटरना पेट्रोलचा भाव पडतो.

तिसरी : इंधनाचा खर्च निम्म्याने कमी. याचं गणित पुढे करून बघू.

चौथी : सुरक्षेच्या 11 चाचण्या. त्यात गाडीवरून ट्रक नेण्याची चाचणीही होती आणि तिचा व्हिडिओ खूप फिरला. ही चाचणी सांगते की टाकी दबली तरी गॅस गळत नाही. सीएनजीच्या टाकीवर बसायची भीती असलेल्यांसाठी ही माहिती नक्की उपयोगाची आहे. पण टाकीची चाचणी आणि गाडी चालवणाऱ्याची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘टाकी चाचण्यांमध्ये उतरली’ याचं ‘सर्वात सुरक्षित बाईक’ असं भाषांतर झालं की अर्थ बदलतो. शिवाय सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी, म्हणजे हायड्रो टेस्ट, करून घ्यावी लागते. सीएनजी रिक्षावाल्यांना हे माहीत असतं. लाँचच्या दिवशीच्या प्रेस नोटमध्ये असं काही येत नाही, कारण लाँचच्या डेकमध्ये तीन वर्षांनंतरची स्लाईड नसते.

मग मसुदा कसा असावा?

खालचे दोन मसुदे कंपनीचे नाहीत. फरक दाखवण्यासाठी मी लिहिले आहेत. पहिला, स्लाईडवरचे शब्द जसेच्या तसे उतरवून :

> पुणे, 5 जुलै : बजाज ऑटोने आज जगातील पहिली सीएनजी बाईक ‘फ्रीडम 125’ सादर करून दुचाकी क्षेत्रात क्रांती घडवली आहे. एकदा भरल्यावर 330 किमी धावणारी ही बाईक इंधनाचा खर्च निम्म्यावर आणते. 11 कठोर सुरक्षा चाचण्या पार केलेल्या या बाईकची किंमत फक्त 95 हजारांपासून सुरू होते.

दुसरा, त्याच घोषणांवरून, पण वाचकाचा विचार करून :

> पुणे, 5 जुलै 2024 : सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणारी ‘फ्रीडम 125’ ही मोटारसायकल बजाज ऑटोने आज सादर केली. सीएनजीची टाकी कारखान्यातच बसवलेली ही जगातील पहिली मोटारसायकल असल्याचा कंपनीचा दावा आहे. 2 किलो सीएनजीवर सुमारे 200 किमी आणि 2 लिटर पेट्रोलवर सुमारे 130 किमी, असा एकूण 330 किमीचा पल्ला कंपनीने सांगितला आहे. एक्स-शोरूम किंमत प्रकारानुसार 95 हजार ते 1 लाख 10 हजार रुपये असून सुरुवातीला महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये गाड्या मिळतील.

दुसरा मसुदा थोडा लांब आहे, पण कंटाळवाणा झालेला नाही. ‘क्रांती’, ‘कठोर’ आणि ‘फक्त’ गेले आणि त्यांच्या जागी ‘सुमारे’, ‘दावा’, ‘एक्स-शोरूम’ आणि ‘प्रकारानुसार’ आले. निव्वळ इंग्रजीतून मराठी करायला बसलेल्या माणसाला हे चार शब्द वजनदार वाटत नाहीत, म्हणून तो ते सोडतो. गाडी घेणाऱ्यासाठी बातमीतले सगळ्यात महागडे शब्द हेच आहेत. एकट्या ‘एक्स-शोरूम’ची किंमत बघा. 95 हजारांवर आरटीओचा कर, नोंदणी आणि विमा चढला की हातात येणारं बिल लाखाच्या वर जातं. 95 हजारांत मिळणारा प्रकारही सगळ्यात खालचा होता. एलईडी दिवा आणि डिस्क ब्रेक हवा तर 1 लाख 10 हजार.

‘खर्च निम्मा’ उदगीरमध्ये किती खरा?

आता गणित. भाव रोज बदलतात, म्हणून सोपे आकडे धरू : पेट्रोल 105 रुपये लिटर, सीएनजी 90 रुपये किलो. तुमच्याकडे आधीपासून 125 सीसीची पेट्रोल बाईक आहे आणि ती रोजच्या वापरात लिटरला 60 किलोमीटर देते असं समजू. म्हणजे किलोमीटरला 1 रुपया 75 पैसे.

कंपनीच्या हिशेबाने सीएनजी किलोला साधारण 100 किलोमीटर जाते. म्हणजे किलोमीटरला 90 पैसे. बचत 85 पैशांची, जवळपास निम्मी. दावा बरोबर बसला.

पण इथे एक लबाडी नकळत होऊन गेली. पेट्रोल बाईकचा आकडा आपण रोजच्या अनुभवातला धरला आणि सीएनजीचा कंपनीने दिलेला. दोन्ही एकाच मापाने मोजायला हवेत. खड्डे, मागे बसलेला माणूस, समोर अडकवलेली पिशवी हे सगळं धरून सीएनजीचा अनुभवही किलोला 80 वर आला असं समजा. मग खर्च होतो 1 रुपया 12 पैसे. बचत निम्मी राहत नाही, 36 टक्क्यांवर येते. तीही वाईट नाही.

आता डेकमध्ये कधीच नसणारी स्लाईड घेऊ : पंप किती लांब आहे?

शहरी माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण पुणे-मुंबईत पंप वाटेवर असतो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत शहरी गॅस वितरणाचा परवाना युनिसन एन्व्हायरो या कंपनीला मिळाला होता. मुंबईची महानगर गॅस कंपनी फेब्रुवारी 2024 मध्ये तिची मालक झाली. नांदेडकडच्या भागाचा परवाना यात येत नाही, म्हणून सीमेवरच्या गावांना दोन्हीकडची चौकशी करावी लागते. जिथे पाईपलाईन पोहोचलेली नसते तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरच्या जथ्यातून पंपावर आणतात. ट्रक उशिरा आला की रांग लागते. जथा रिकामा होत आला की दाब कमी पडतो आणि मग तुमची 2 किलोची टाकी दीड-पावणेदोन किलोवरच थांबते. रिक्षावाल्याच्या मोठ्या टाकीत हे खपून जातं. 2 किलोच्या टाकीत पाव किलोचा फरक म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक.

उदगीर तालुक्यातल्या एखाद्या गावातला माणूस धरा, ज्याचा जवळचा सीएनजी पंप 30 किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन 60 झाले. टाकी पूर्ण भरली आणि कंपनीचाच आकडा खरा मानला तर 200 पैकी 60 किलोमीटर गॅस आणण्यात गेले. उरले 140. त्यासाठी 180 रुपये मोजले. म्हणजे कामाच्या किलोमीटरला 1 रुपया 29 पैसे. बचत 26 टक्क्यांवर आली.

आता 80 चा अनुभव धरून तेच करा. टाकीत 160 किलोमीटर, त्यातले 60 वजा. उरले 100 आणि खर्च 180 रुपये. किलोमीटरला 1 रुपया 80 पैसे, म्हणजे जुन्या पेट्रोल बाईकपेक्षा पाच पैसे जास्तच. ‘खर्च निम्मा’ हा दावा खोटा न ठरताही या माणसाची बचत शून्याच्या खाली गेली.

हे गणित सगळ्यांना लागू नाही. दूध घालायला किंवा नोकरीसाठी रोज पंपावरूनच जाणं होत असेल तर ते 60 किलोमीटर वजा करायची गरज नाही आणि फायदा बऱ्यापैकी आहे. मुद्दा असा की एकाच वाक्यावर पुण्यातला कुरिअरवाला आणि खेड्यातला शेतकरी असे दोघं विसंबतात, आणि दोघांचं उत्तर वेगळं येतं. प्रेस नोटमध्ये ‘सीएनजी पंप जवळ असलेल्या भागांत’ एवढी एक ओळ असती तर पुरली असती. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गुजरातच का, याचं कारणही सोपं आहे : सीएनजीचं जाळं इथे तुलनेने दाट आहे. कंपनीला ही मर्यादा माहीत असते. ती विक्रीच्या योजनेत असते, मथळ्यात नसते.

कायदा काही म्हणतो का?

म्हणतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणंही तिच्यात येतं. जून 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठी नियम काढले. त्यात अटींबद्दल स्पष्ट सांगितलं आहे : अट ज्या भाषेत दावा आहे त्याच भाषेत हवी, दाव्यासारख्याच अक्षरात हवी आणि तिने दाव्याला उलटं पाडू नये. म्हणजे मराठीत दावा आणि इंग्रजीत चांदणी, हा प्रकार चालत नाही.

पण प्रेस नोटवरून संपादकाने बातमी केली की ती जाहिरात राहत नाही, बातमी होते. कंपनीने चांदणीखाली अट दिली होती आणि ती वेबसाईटने कापली, तर बोट कोणाकडे दाखवायचं? व्यवहारात कोणाकडेच दाखवलं जात नाही. तालुक्याच्या पातळीवर तर शोरूमची जाहिरात आणि कंपनीची प्रेस नोट एकाच पानावर शेजारी-शेजारी येतात, आणि बातमी कुठे संपते हे वाचणाऱ्याला कळत नाही. आम्हा डिजिटलवाल्यांचं तर विचारूच नका. ‘लाँच झाली’ हा शब्द गूगलवर शोधला जात असतो तोवर, म्हणजे पहिल्या तासाभरात, बातमी टाकायची असते. अट तपासायला तेवढ्यात कोण बसणार?

तारीख का बघायची?

प्रेस नोटला गाव आणि तारीख असते, फिरणाऱ्या मेसेजला नसते. फ्रीडमचंच बघा. लाँचनंतर पाच महिन्यांनी, डिसेंबर 2024 मध्ये, तिच्या खालच्या प्रकाराची किंमत सुमारे 5 हजारांनी आणि मधल्या प्रकाराची सुमारे 10 हजारांनी कमी झाली. पुढे 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि सगळ्याच कंपन्यांच्या किमती पुन्हा हलल्या. ‘95 हजारांपासून’ म्हणणाऱ्या जुलै 2024 च्या बातम्या मात्र आजही जशाच्या तशा नेटवर आहेत.

म्हणून शोरूममध्ये जाल तेव्हा बातमीचा स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा कोटेशन लेखी मागा आणि त्यावर ऑन-रोड रक्कम, गाडीचा नेमका प्रकार आणि तारीख लिहून घ्या. सीएनजीची गाडी असेल तर आणखी एक काम आहे आणि ते शोरूमवाल्याला विचारून होणार नाही. जवळच्या पंपावर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जा, रिक्षांची रांग किती आहे बघा, आणि रांगेतल्या एखाद्या रिक्षावाल्याला विचारा की दाब पूर्ण मिळतो का आणि गाडी आली नाही म्हणून पंप महिन्यातून किती दिवस बंद असतो.